विक्री वाढवायची, तर बाहेरून पैसा किती लागेल? काजू कारखान्याच्या ताळेबंदावरून निधीची गरज आणि शाश्वत वाढीचा दर काढण्याची पद्धत

विक्री वाढली की पैसा येतो, हा समज अर्धाच खरा आहे. विक्री वाढण्याआधी साठा वाढवावा लागतो, माल उधारीवर गेला की येणी वाढतात, आणि कधी नवे यंत्रही घ्यावे लागते. या सगळ्याला पैसा आधी लागतो, नफा मात्र वर्षभर थोडा थोडा जमा होतो. या दोहोंतील तफावत म्हणजे बाह्य निधीची गरज. बँकेकडून किंवा भागीदारांकडून किती रक्कम उभी करावी लागेल, हे अंदाजित ताळेबंदावरून आधीच काढता येते. कोकणातील काजू प्रक्रिया उद्योगात कच्चा माल तीनच महिन्यांत येतो आणि विक्री बारा महिने चालते, त्यामुळे तिथे हा हिशेब विशेष काळजीने करावा लागतो.

उदाहरणासाठी वेंगुर्ल्याच्या परिसरातील एक भागीदारी संस्था घेऊ. ती बागायतदारांकडून काजू बी विकत घेते, उकडते, फोडते, गर वाळवते, साल काढते आणि प्रतवारी करून मुंबई-पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्यांना विकते. संस्था काल्पनिक आहे आणि गणित डोळ्यांसमोर राहावे म्हणून आकडे सोपे ठेवले आहेत. सर्व रकमा लाख रुपयांत आहेत. सरलेल्या वर्षाची विक्री ४०० आहे. व्याज व कर देण्याआधीचा नफा ४१, व्याज १२, कर ९ आणि निव्वळ नफा २०. त्यापैकी भागीदारांनी ८ उचल केली आणि १२ संस्थेत राहिले. पुढील वर्षी विक्री २५ टक्क्यांनी वाढवून ५०० करण्याचा त्यांचा विचार आहे.

पहिले काम: कोणती बाब विक्रीबरोबर हलते ते ठरवणे

३१ मार्चचा ताळेबंद समोर ठेवावा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: विक्री वाढली तर ही रक्कम आपोआप वाढते का? रोख, येणी आणि साठा आपोआप वाढतात. बागायतदारांची देणी, थकीत मजुरी आणि वीजबिल यांसारखी देणीही आपोआप वाढतात, कारण जास्त बी घेतली की उधारीही जास्त मिळते. कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे काढता येणारे बँकेचे कर्जखाते, तसेच मुदत कर्ज आणि भांडवल मात्र स्वतःहून वाढत नाहीत. ती कोणीतरी निर्णय घेऊन वाढवावी लागतात. म्हणून अंदाज करताना कर्जाच्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या आणि भांडवलात फक्त संस्थेत राहणारा नफा मिळवायचा.

कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो असे तूर्त धरू, म्हणजे स्थिर मालमत्ताही विक्रीच्या प्रमाणात वाढेल.

| बाब | सरलेले वर्ष | विक्रीशी प्रमाण | पुढील वर्ष |
|---|---|---|---|
| रोख | ८ | २% | १० |
| येणी | ३२ | ८% | ४० |
| साठा | १०० | २५% | १२५ |
| निव्वळ स्थिर मालमत्ता | १०० | २५% | १२५ |
| एकूण मालमत्ता | २४० | ६०% | ३०० |
| मालाची देणी | २० | ५% | २५ |
| थकीत खर्च | ८ | २% | १० |
| कॅश क्रेडिट | ६२ | – | ६२ |
| मुदत कर्ज | ३० | – | ३० |
| भांडवल | १२० | – | १३५ |
| एकूण देणी व भांडवल | २४० | | २६२ |

भांडवलाचा १३५ हा आकडा असा आला: निव्वळ नफ्याचे विक्रीशी प्रमाण ५ टक्के, म्हणून ५०० वर नफा २५. त्यातील ४० टक्के उचल धरली तर संस्थेत १५ राहतात. मालमत्तेची बाजू ३०० आणि दुसरी बाजू २६२. उरलेली ३८ लाखांची दरी म्हणजे बाह्य निधीची गरज. हेच उत्तर सूत्राने एका ओळीत मिळते:

```
बाह्य निधी = (मालमत्ता ÷ विक्री) × विक्रीतील वाढ
           − (आपोआप वाढणारी देणी ÷ विक्री) × विक्रीतील वाढ
           − नफ्याचे प्रमाण × नवी विक्री × संस्थेत राहणारा हिस्सा
         = ०.६० × १०० − ०.०७ × १०० − ०.०५ × ५०० × ०.६०
         = ६० − ७ − १५ = ३८
```

शेवटच्या पदात विक्रीतील वाढ नव्हे, तर संपूर्ण नवी विक्री येते, कारण नफा पूर्ण विक्रीवर मिळतो. ही गफलत मी अनेक हिशेबांत पाहिली आहे. ती झाली की गरज ५० लाख दिसते आणि चांगली योजना अकारण अशक्य वाटू लागते.

सूत्र हाती असले तरी पूर्ण ताळेबंद मांडावाच, असे माझे मत आहे. सूत्र एक आकडा देते. ताळेबंद तो आकडा कुठून आला हे सांगतो. या ३८ लाखांमागे खेळत्या भांडवलाची निव्वळ वाढ २८ आहे (चालू मालमत्तेतील वाढ ३५, वजा देणी ७) आणि स्थिर मालमत्तेची वाढ २५ आहे; या ५३ पैकी १५ संस्थेत राहणाऱ्या नफ्यातून भागतात. म्हणजे ही गरज दोन वेगळ्या प्रकारच्या कर्जांत वाटावी लागेल. हे न करता सगळे कॅश क्रेडिटमधून भागवले आणि हंगामाच्या तोंडावर त्याच खात्यातून ड्रायर घेतला, तर एप्रिलमध्ये बी खरेदीसाठी मर्यादा शिल्लक राहत नाही. अशा वेळी चढ्या व्याजाने खासगी उधारी करण्याची पाळी येते.

आकडा ३८ वर का थांबत नाही

पहिली शंका स्थिर मालमत्तेबद्दल घ्यावी. ड्रायर, बॉयलर किंवा फोडणी यंत्र विक्रीच्या टक्क्यांनी वाढत नाही; ते एक तर घेतले जाते किंवा घेतले जात नाही. कारखाना सध्या ८० टक्के क्षमतेवर चालत असेल, तर पूर्ण क्षमतेवरची विक्री ४०० ÷ ०.८० = ५०० होते. म्हणजे पुढील वर्षाची सारी विक्री आहे त्या यंत्रांवर निघू शकते. तेव्हा स्थिर मालमत्ता १०० वरच ठेवली तर गरज ३५ − ७ − १५ = १३ वर येते. ३८ आणि १३ यांतील संपूर्ण फरक एका गृहीतकाचा आहे. म्हणून ताळेबंद मांडण्याआधी कारखान्यात जाऊन दिवसाला किती बी फुटते, कोणते यंत्र अडते आणि पाळ्या किती चालतात हे विचारावे. बहुतेक वेळा अडचण एकाच टप्प्यावर असते आणि बाकीची यंत्रे मोकळी असतात.

याउलट क्षमता खरोखर संपली असेल, तर २५ ची वाढ पुरेलच असे नाही. निव्वळ स्थिर मालमत्ता १०० वरून १२५ होणे आणि वर्षात १० घसारा लागणे यांचा अर्थ यंत्रांचे बिल ३५ चे आहे. बँकेला कोटेशन ३५ चे द्यावे लागते आणि मुदत कर्ज घेताना भागीदारांनी स्वतः घालायचा हिस्साही ३५ वरच मोजला जातो.

विक्री वाढण्याचे कारणही तपासावे. गराचा भाव वाढल्यामुळे विक्रीचा आकडा वाढणार असेल, तर साठा आणि येणी रुपयांत वाढतात, पण यंत्रांवर एक किलोचाही जादा भार येत नाही. म्हणून २५ टक्क्यांपैकी किती वाढ वजनातली आणि किती भावातली हे वेगळे करावे. स्थिर मालमत्ता फक्त वजनातल्या वाढीशी जोडावी.

दुसरी शंका व्याजाची. नफ्याचे ५ टक्के प्रमाण कायम धरले, तेव्हा आपण नकळत व्याजही विक्रीच्या ३ टक्के, म्हणजे १५, धरले. पण कर्ज ९२ वरून १३० वर गेले तर व्याज त्याच दराने सुमारे १७ होईल. व्याज व करापूर्वीचा नफा विक्रीच्या १०.२५ टक्के, म्हणजे ५१.२५, त्यातून १७ व्याज वजा जाता ३४.२५, त्यावर भागीदारी संस्थेचा ३१.२ टक्के कर गेल्यावर साधारण २३.५६ उरतात आणि त्यांपैकी १४.१४ संस्थेत राहतात. गरज ३८ वरून ३८.८६ होते. एकदा फेर धरून पुन्हा मोजले तरी आकडा ३९ च्या आसपासच राहतो. इथे फरक लहान आहे, पण कर्ज आधीच जड असलेल्या संस्थेत तो मोठा होतो. म्हणून व्याज विक्रीच्या टक्क्याने न मोजता कर्जाच्या रकमेवर मोजावे.

तिसरी बाब सर्वाधिक विसरली जाते. ताळेबंदात मुदत कर्ज ३० वर स्थिर ठेवले, पण त्याचे वर्षभरातील हप्ते १० असतील तर ती रक्कमही कुठून तरी येणार आहे. ३८ ही निव्वळ गरज आहे. नव्याने उभी करायची रक्कम ४८ आहे.

३१ मार्चचा ताळेबंद काजूबद्दल काय लपवतो

सिंधुदुर्गात काजू बीचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. ३१ मार्चला हंगाम मध्यावर असतो. त्या दिवशी १०० लाखांचा साठा दिसतो, पण पावसाळ्याआधी वर्षभराची बी गोदामात भरणाऱ्या कारखान्यात मेअखेरीस तोच साठा २०० लाखांचा होऊ शकतो. विक्रीशी त्याचे प्रमाण २५ नव्हे, ५० टक्के होते.

म्हणून अशा धंद्यात दोन अंदाजित ताळेबंद करावेत, एक ३१ मार्चचा आणि दुसरा ३१ मेचा. पद्धत तीच, फक्त प्रमाणे मागील ३१ मेच्या हिशेबावरून घ्यायची. तो हिशेब स्वतंत्र मांडलेला नसतो, पण बँकेला दिलेल्या मासिक स्टॉक स्टेटमेंटवरून साठा, येणी आणि देणी मिळतात. विक्री ५०० होणार असेल तर मेचा साठा २०० वरून २५० करावा लागेल. मार्चच्या ताळेबंदात साठ्याची वाढ २५ दिसत होती, ती मेमध्ये ५० आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा मेच्या आकड्यावर मागावी लागते, मार्चच्या नव्हे.

यासोबत ड्रॉइंग पॉवरचा, म्हणजे मंजूर मर्यादेतून प्रत्यक्षात किती रक्कम उचलता येईल याचा, हिशेब जोडावा. बँक साठ्यावर २५ टक्के मार्जिन ठेवत असेल, तर वाढलेल्या ५० लाखांच्या साठ्यापैकी १२.५ लाख स्वतःचे घालावे लागतील. उधारीवर घेतलेल्या मालाची रक्कमही बँक सामान्यतः साठ्यातून वजा करते. कागदावर मर्यादा असूनही पैसा उचलता येत नाही, असे का होते याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

बँकेत लघुउद्योगांच्या कर्जपुरवठ्याविषयीच्या नायक समितीच्या शिफारशीवर आधारलेली उलाढाल पद्धतही पुढे येते. तिच्यात अंदाजित विक्रीच्या किमान २५ टक्के खेळते भांडवल धरतात. त्यातील २० टक्के बँकेने आणि ५ टक्के उद्योजकाने द्यायचे असतात. ५०० लाखांच्या विक्रीवर बँकेचा हिस्सा १०० लाख येतो. ही पद्धत तीन महिन्यांचे उत्पादनचक्र गृहीत धरते. वर्षभराची बी तीन महिन्यांत खरेदी करणाऱ्याचे चक्र त्याहून लांब असते. अशा वेळी २० टक्के हा किमान आकडा आहे हे सांगून मासिक साठ्याच्या आधारे अधिक मर्यादेची मागणी मांडावी. आफ्रिकेतून आयात झालेली काजू बी वर्षाच्या इतर महिन्यांत टप्प्याटप्प्याने घेणाऱ्या कारखान्याचे शिखर कमी उंच असते. त्याला हा मुद्दा तितका लागू पडत नाही.

शाश्वत वाढीचा दर

३८ लाख मिळतील की नाही हा एक प्रश्न. ते घेतल्यावर संस्था किती कर्जबाजारी होईल हा दुसरा. शाश्वत वाढीचा दर दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. भागीदारांनी नवे भांडवल न आणता, आणि कर्जाचे भांडवलाशी प्रमाण न बिघडवता, विक्री जास्तीत जास्त किती टक्क्यांनी वाढू शकते, असा त्याचा अर्थ आहे. रॉबर्ट हिगिन्स यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली.

```
शाश्वत वाढीचा दर = (भ × ह) ÷ (१ − भ × ह)
भ = निव्वळ नफा ÷ वर्षअखेरचे भांडवल = २० ÷ १२० = ०.१६६७
ह = संस्थेत राहिलेला हिस्सा = १२ ÷ २० = ०.६०
भ × ह = ०.१०
दर = ०.१० ÷ ०.९० = ११.११%
```

भांडवल वर्षअखेरचे घेतले की छेद लावावाच लागतो. वर्षारंभीचे भांडवल घेतले तर छेद लागत नाही: १२० − १२ = १०८; २० ÷ १०८ × ०.६० = ११.११ टक्के. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येते. वर्षअखेरचे भांडवल घेऊन छेद विसरला तर १० टक्के येतात, आणि ते चूक आहे.

पडताळा घेऊ. विक्री ११.११ टक्क्यांनी वाढून ४४४.४४ झाली, तर मालमत्ता २६६.६७, आपोआप वाढणारी देणी ३१.११ आणि भांडवल १३३.३३ होते. उरलेले १०२.२२ हे कर्ज. आधी कर्ज ९२ आणि भांडवल १२०, प्रमाण ०.७७, आता १०२.२२ आणि १३३.३३, प्रमाण तेच. म्हणजे या वेगातही १०.२२ लाखांचे नवे कर्ज लागतेच. शाश्वत वाढ म्हणजे बिनकर्जाची वाढ, असा अर्थ घेऊ नये.

अजिबात नवा बाह्य निधी न घेता होणारी वाढ वेगळी काढावी लागते. त्यासाठी पहिल्या सूत्रात गरज शून्य ठेवावी: ०.५३ × वाढ = ०.०३ × (४०० + वाढ). वाढ २४ लाख, म्हणजे ६ टक्के येते. तेव्हा या संस्थेपुढे तीन पातळ्या आहेत: ६ टक्क्यांपर्यंत स्वतःच्या बळावर, ११ टक्क्यांपर्यंत आजच्याच कर्जप्रमाणात, आणि त्यापुढे कर्जाचा भार वाढवून किंवा नवे भांडवल आणून.

२५ टक्क्यांच्या वाढीत सगळे ३८ लाख कर्जाने भागवले तर कर्ज १३० आणि भांडवल १३५ होते, प्रमाण ०.७७ वरून ०.९६ वर जाते. देण्यांसह सर्व बाह्य देयतांचे भांडवलाशी प्रमाण, जे बँक पाहते, १.०० वरून १.२२ होते. एका वर्षासाठी हे बँकेला मान्य होण्यासारखे आहे. तीन वर्षे सलग २५ टक्के वाढ धरून हाच हिशेब चालवला, तर प्रमाण दर वर्षी चढत जाईल आणि काजूचा भाव पडलेल्या एखाद्या वर्षी सगळा नफा व्याजात जाईल.

प्रमाण न बिघडवता ५०० ची विक्री करायची असेल तर भांडवल १२० च्या सव्वापट, म्हणजे १५०, हवे. नफ्यातून १५ मिळतील, उरलेले १५ भागीदारांनी आणावेत आणि कर्ज २३ ने वाढवावे. १५ आणि २३ मिळून तेच ३८ होतात.

उचल पूर्ण बंद केली तर? भ × ह ०.१६६७ होतो आणि शाश्वत दर २० टक्के येतो. म्हणजे भागीदारांनी वर्षभर एक रुपयाही घरी नेला नाही, तरी २५ टक्के गाठले जात नाहीत. शिवाय उचल प्रत्यक्षात नफ्याच्या टक्क्याने होत नाही. घरखर्च, गणपती आणि लग्नकार्य यांच्या गरजेने होते. म्हणून ०.६० हा आकडा इच्छेवरून न घेता भागीदारांच्या भांडवल खात्यांच्या मागील तीन वर्षांच्या नोंदींवरून घ्यावा. साठा कमी करण्याचा उपायही मर्यादेसकट समजून घ्यावा: साठ्याचे प्रमाण २५ वरून २० टक्क्यांवर आणले तर ५०० च्या विक्रीवर २५ लाख मोकळे होतात, पण ते एकदाच. पुढील वर्षी तेवढीच सुटका पुन्हा मिळत नाही.

हिशेब बरोबर ठरतो आहे की नाही, हे फेब्रुवारीत कळते. नव्या हंगामाआधी गोदाम जवळपास रिकामे असते, म्हणून कॅश क्रेडिटची वर्षातील सर्वात कमी शिल्लक त्याच महिन्यात दिसायला हवी. मागील चार-पाच वर्षांच्या फेब्रुवारीतील ही नीचांकी शिल्लक एका ओळीत आणि भागीदारांचे भांडवल दुसऱ्या ओळीत लिहावे. पहिली ओळ दुसरीपेक्षा वेगाने चढत असेल, तर संस्था शाश्वत दराहून जास्त वेगाने वाढते आहे, किंवा हंगामासाठी घेतलेला पैसा यंत्रांत, येण्यांत अथवा उचलीत अडकला आहे. यांपैकी कोणते, ते त्याच पाच वर्षांच्या ताळेबंदांतील स्थिर मालमत्ता, येणी आणि भांडवल खाती शेजारी ठेवून पाहिले की दिसते.